रजा मे महिन्यात, अर्ज मार्चमध्येच

बहिणीचं लग्न मेमध्ये, रजा कधी टाकू, असं परवा ऐरोली स्टेशनच्या पुलावर विचारलंस. आत्ताच टाक. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ज्या सकाळी तिकीट काढशील, त्याच दिवशी मॅनेजरला मेल कर. रजेपेक्षा ती कधी कळली, यावर मत बनतं.

आपल्याकडे एप्रिलमध्ये सेल्फ अप्रेझल, मग मॅनेजरचं रेटिंग, आणि मेमध्ये सगळे मॅनेजर एका खोलीत बसून रेटिंगं जुळवतात. त्या खोलीत तू तसाही नसतोस. ऐरोलीत अस नाहीतर राजापुरात, तुझ्या वतीने बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते महत्त्वाचं. मी एका वर्षी 'क्लायंटचं काम वेळेत केलं' एवढंच खरडून गावी गेलो. बैठकीत कोणीतरी विचारलं, 'नेमकं काय केलं?' मला फोन लागेना, रेटिंग एक पायरी घसरलं. म्हणून निघण्याआधी तीन कामं, त्यांच्या तारखा आणि क्लायंटचा एखादा कौतुकाचा मेल मॅनेजरला पाठवून ठेव.

प्रमोशनचंही तसंच. पत्र हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिसला, की 'पत्राचीच वाट बघत होता' म्हणतात. मार्चचा मेल असेल तर त्याच मेलवर उत्तर देऊन नव्या जबाबदारीचं त्या आठवड्यात कोण बघणार, ते नाव लिही. नाव आधी त्या माणसाला विचारून, बरं का! आणि अचानक दुखणं-खुपणं आलं तर यातलं काही पाळत बसू नकोस.