मोत्याचं थांबणं तालात आण

ताई, तुझ्या बालगीतातलं मोत्या हे कुत्र्याचं पिल्लू थांबायला शिकून ‘शहाणं झालं’ असं तू सांगतेस, पण पोट्ट्यांना ते थांबलेलं ऐकू येत नाही. थांबणं तालातच यायला हवं. हे बघ:

बस रे मोत्या, बस रे खाली,
भाकर घेउन आजी आली.
थांब… (टाळी)
घे!

पहिल्या दोन्ही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या आहेत. म्हणूनच ‘घेऊन’चा ‘घेउन’ केला. ‘थांब’नंतर मात्र शब्द नको, नुसती एक टाळी. दुसऱ्या कडव्यात दोन टाळ्या, तिसऱ्यात तीन. खरं पिल्लूही असंच शिकतं, आधी क्षणभर, मग थोडं जास्त. सुरुवातीलाच दहा टाळ्या ठेवल्या, तर पिल्लू उठतं आणि पोरंही.

एका कडव्यात मोत्या उठू दे. आजी रागावत नाही, फक्त भाकरीचा तुकडा वर उचलते. तो बसला की पुन्हा ‘थांब’. तुकडा नाकावरून जरा मागे नेला की मान वर जाते, बूड आपसूक टेकतं. ही कृती हातवाऱ्यात घे, पोरांना फार आवडते.

‘घे’ हा शब्द शेवटीच येऊ दे. मधल्या ओळीत आला, तर मोत्याला सुटका केव्हा झाली तेच कळणार नाही. अंगणवाडीत म्हणून बघ. टाळीआधीच कोणी ‘घे’ ओरडलं, तर एक टाळी कमी कर.