रेघ ‘बॅटरी’खालीच होती

प्रश्न: नीटच्या मॉक टेस्टच्या पेपरचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत. त्यातून सिली मिस्टेक, कन्सेप्ट आणि टाइम अशा चुका वेगळ्या करून यादी कशी बनवू? त्यासाठी एखादं ॲप आहे का?

ॲपचं नंतर. आधी तो ‘सिली’ शब्द, कारण त्याच्यावरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालली होती.

मी २०१९ ला नीट दुसऱ्यांदा दिली. राहायला सिडको, क्लास कॉलेज रोडला. दर रविवारी दहा ते एक मॉक असायची, १८० प्रश्न. चर्चा झाली की क्लासवाले पेपर परत घ्यायचे, म्हणून मी आईच्या मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढायचे. संध्याकाळी पप्पा चष्मा लावून ते फोटो आणि उत्तरतालिका घेऊन बसत. चुकीचं उत्तर दिसलं की एकच वाक्य: “येत होतं गं तुला, लक्ष कुठे होतं?”

एका रविवारी ११८ बरोबर, ४२ चूक आणि २० सोडलेले होते. म्हणजे ४७२ वजा ४२, गुण ४३०. त्या ४२ पैकी २७ पुढे पप्पांनी ‘सिली’ लिहिलं, ९ कन्सेप्ट आणि ६ टाइम. मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सिली म्हटलं की नवीन काही वाचायला लागत नाही, पुढच्या वेळी नीट लक्ष द्यायचं, झालं.

त्यात एक कपॅसिटरचा प्रश्न होता. बॅटरी जोडलेली असतानाच प्लेटांच्या मध्ये डायइलेक्ट्रिक सरकवलं, तर साठलेली ऊर्जा किती पट होईल? उत्तर K पट. मी 1/K रंगवलं होतं. पप्पांचा निकाल ठरलेला: “प्रश्न अर्धवट वाचला.” मी फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. ‘बॅटरी’ या शब्दाखाली माझ्या पेनाची ठळक रेघ होती आणि बाजूच्या समासात U = Q²/2C लिहिलेलं होतं. म्हणजे वाचलं होतं, रेघ मारून वाचलं होतं, आणि तरीही Q तेवढाच राहतो असं धरलं होतं. बॅटरी जोडलेली असेल तर V कायम राहतो, वाढीव प्रभार बॅटरी पुरवते, म्हणून U = ½CV² घ्यायचं. Q कायम राहतो तो बॅटरी काढून टाकल्यावर. हे दोन प्रसंग माझ्या डोक्यात कधी वेगळे झालेच नव्हते. यात लक्षाचा काय संबंध?

मग चार दिवसांनी मी ते सगळे ४२ प्रश्न कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता आणि उत्तरं झाकून पुन्हा सोडवले. जे निवांत बसूनही चुकले किंवा अडले, ते कन्सेप्ट. तेच २३ निघाले. उरलेल्या १९ ची वाटणी फोटोंनीच केली.

तुमच्या फोटोंचा उपयोग आहे तो इथे. नुसत्या प्रश्नाचा फोटो बिनकामाचा आहे, त्याच्या बाजूचं कच्चं काम दिसलं पाहिजे. कच्च्या कामात उत्तर बरोबर आलंय पण ओएमआरवर गोळा दुसराच रंगलाय, किंवा ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य विधान निवडलंय, तर ती खरी सिली. अशा ८ होत्या. बाकीच्या ११ जवळ कच्चं कामच नव्हतं, समास कोरा. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, पान सुरू करताना घड्याळातली वेळ टाकायचे. भौतिकशास्त्र मी शेवटी घ्यायचे, त्याच्या पहिल्या पानावर १२:१८ होते, म्हणजे ४५ प्रश्नांना ४२ मिनिटं. त्या अकरापैकी नऊ प्रश्न शेवटच्या दोन पानांवरचे. हा टाइम. पानावर वेळ लिहिलेली नसेल तर हा प्रकार पुराव्याने वेगळा काढता येत नाही, नुसता आठवणीवर जातो, आणि आठवण नेहमी आपल्याच बाजूने बोलते.

तर २७-९-६ चं झालं ८-२३-११. पेपर तोच.

मग मी पप्पांना एक गोष्ट ऐकवली, जी ऐकवायला नको होती. ते सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. माल रिजेक्ट झाला की तिथे कारणाच्या रकान्यात कोणीतरी ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळं व्हायचं, आणि पप्पा घरी येऊन जेवताना त्यावर चिडायचे. फिक्स्चर ढिलं होतं का, टूल झिजलं होतं का, ते कोणी बघतच नाही म्हणून. मी म्हटलं, “पप्पा, इथे ऑपरेटर मी आहे.” दोन दिवस बोलले नाहीत. पण लाल पेन बाजूला ठेवलं.

आता तुमचं ॲप. लागत नाही. लोक अख्खा प्रश्न टाईप करत बसतात आणि तिसऱ्या टेस्टला यादी बंद पडते. प्रश्न फोटोत आहेच. गूगल शीटमध्ये एका चुकीला एक ओळ, आणि रकाने एवढेच: टेस्टची तारीख, प्रश्न क्रमांक, विषय, धडा, प्रकार, फोटोचा क्रमांक आणि ‘नेमकं काय केलं’. शेवटच्या रकान्यात ‘कपॅसिटर चुकला’ असं लिहू नका. ‘बॅटरी जोडलेली असताना Q कायम धरला’ असं लिहा, म्हणजे महिन्याने वाचलं तरी कळेल. मोजणी अशी:

```
=COUNTIFS(C:C,"भौतिक",E:E,"कन्सेप्ट")
```

विषय आणि प्रकार हातानं टाईप न करता ड्रॉपडाउन लावा. एकदा ‘कन्सेप्ट’ आणि एकदा ‘संकल्पना’ लिहिलं तर सूत्र दुसरं मोजत नाही, आणि आकडा कमी दिसला म्हणून आपण उगाच खूश होतो. माझं झालंय.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पानांच्या क्रमाने काढा. पेन्सिलीचं काम फ्लॅशमध्ये चमकून दिसेनासं होतं. ओएमआरची प्रत मिळत असेल तर तिचाही फोटो हवाच, नाहीतर गोळ्याची चूक पकडणार कशी?

दोन गोष्टी राहिल्या. पुन्हा सोडवण्याची परीक्षा चर्चेच्या आधी घेतलेली बरी. सरांनी उत्तर फळ्यावर लिहिल्यावर ते डोक्यात राहतं आणि कन्सेप्टची चूक सुधारल्यासारखी वाटते. चर्चा आधीच झाली असेल तर चार-पाच दिवस जाऊ द्या, जमलं तर आकडे बदलून सोडवा. म्हणजे माझे २३ सुद्धा कदाचित कमीच होते. आणि टाइमचे सगळे ११ टाइमचे नव्हते. मागे जाऊन वेळा बघितल्या तर रसायनशास्त्राच्या एकाच पानावर बारा मिनिटं गेली होती, कारण बफरच्या गणितात मी चाचपडत होते. वेळ तिथे गेला आणि चुका भौतिकशास्त्राच्या नावावर पडल्या. त्या पानासाठी मी शीटमध्ये वेगळी ओळ घातली, उत्तर बरोबर आलेलं असूनही.

मला शेवटी बीएएमएस मिळालं. पप्पा आता रिटायर आहेत. मागच्या महिन्यात चुलत भावाचा पेपर बघताना म्हणाले, “येत होतं रे तुला...” आणि माझ्याकडे बघून थांबले. मग त्याला म्हणाले, “कच्चं काम दाखव.”