डायबेटिसमध्ये नाश्त्याला इडली, डोसा, पराठा, उपमा की अंडी?

प्रश्न: मला टाइप टू डायबेटिस आहे. सकाळी नाश्त्याला इडली, डोसा, पराठा, उपमा आणि अंडी यांपैकी काय खावं? कशाने सकाळची शुगर किती वाढते?

उत्तर:

अंडी. उरलेल्या चारांत आधी भाजीचा एक पराठा, मग एक डोसा, मग घट्ट सांबारासोबत दोन इडल्या आणि सगळ्यात शेवटी उपमा. हा क्रम वाचून बरेच जण वाद घालतील, कारण बहुतेक घरांत आणि काही दवाखान्यांतल्या छापील डाएट चार्टवरही इडली-उपमा सर्वांत वर आणि पराठा 'बंद' असं लिहिलेलं असतं. आहारतज्ज्ञ म्हणून हा चार्ट माझ्यासमोर रोज येतो, आणि तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

चार्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेल असतं. इडलीत तेल नाही, म्हणून इडली चांगली. पण शुगर तेलाने चढत नाही, पिठाने चढते. तांदूळ भिजवला, बारीक वाटला, आंबवला आणि वाफेवर पूर्ण शिजवला की त्यातला स्टार्च पचवायला पोटाला जवळजवळ काही काम उरत नाही. तापातून उठलेल्या माणसाला आपण इडली देतो ती याचसाठी, आणि डायबेटिसवाल्याची शुगर इडलीने झपाट्याने चढते तीही याचसाठी. आंबवताना पिठातली थोडीशीच साखर खर्च होते. 'आंबवलंय म्हणजे कर्बोदकं गेली' हे खरं नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. साठीच्या निवृत्त शिक्षिका, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. फास्टिंग १२० ते १३० च्या आसपास, म्हणजे ठीक. पण नाश्त्यानंतरची शुगर सतत २३० च्या पुढे. घरच्यांचं म्हणणं, 'त्या तर फक्त इडली खातात, गोळीच वाढवा.'

त्यांच्या सकाळचा हिशेब मांडला. साडेसहाला दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं. साखरेची १०, दुधाची ५ आणि बिस्किटांची ८, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं नाश्त्याआधीच पोटात. साडेआठला चार इडल्या आणि खोबऱ्याची चटणी. घरच्या मध्यम इडलीत साधारण ११-१२ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे चार इडल्यांची ४५ च्या वर. दोन तासांच्या आत जवळपास ७० ग्रॅम, तेही अशा वेळी की शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. पहाटे कॉर्टिसोलसारखी हॉर्मोन्स वाढतात, यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं, आणि हा जोर नाश्त्याच्या वेळेपर्यंत टिकतो. त्यामुळे संध्याकाळी खाल्लेल्या दोन इडल्या जेवढी शुगर चढवतात त्यापेक्षा सकाळच्या त्याच दोन इडल्या बहुतेकांना जास्त चढवतात.

आम्ही गोळीला हात लावला नाही. पहाटेचा चहा बिनसाखरेचा केला आणि बिस्किटं काढली. इडल्या चाराच्या दोन. सोबत एक वाटी सांबार, पण हॉटेलसारखं पातळ आणि गूळ घातलेलं नाही. माणशी २५ ग्रॅम कोरडी तूरडाळ धरून केलेलं, पळीतून सावकाश पडेल असं. त्याआधी दोन उकडलेली अंडी. क्रम महत्त्वाचा होता: आधी अंडी, मग सांबारातल्या भाज्या आणि डाळ, शेवटी इडली. प्रथिनं आधी पोटात गेली की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मागून आलेला स्टार्च हळूहळू आतड्यात उतरतो. फास्टिंग १२८, पहिल्या घासानंतर दोन तासांनी १७२. आधी त्याच वेळेला २३८ असायची.

मग त्यांनी विचारलं, पराठा का नको? एका पराठ्याला ४० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, अडीच इडल्यांएवढी. मेथी, कोबी किंवा मुळा भरपूर घातला, कणकेत थोडं बेसन मिसळलं, एक चमचा तेलावर भाजला आणि वाटीभर दह्यासोबत एकच खाल्ला, तर चालतो. बटाट्याचा असेल तर सारणाचे आणखी १० ग्रॅम धरा. असे दोन पराठे म्हणजे ७५ च्या पुढे, आणि मग कुठलीच युक्ती उपयोगाची नाही.

पण पराठ्यात एक गफलत होते ती लक्षात ठेवा. तेल-तुपामुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे शुगरचा चढ पुढे सरकतो. या बाईंनी एकदा मुलाच्या घरी भरपूर तूप सोडलेले दोन आलू पराठे खाल्ले. दोन तासांनी मीटरवर १६५. त्या खूश. मी त्यांना साडेतीन तासांनी पुन्हा बघायला सांगून ठेवलं होतं, तेव्हा २११. इडलीचा चढ दोन तासांच्या आतच येऊन बहुधा उतरणीला लागलेला असतो, तूप-तेल जास्त असलेल्या पराठ्याचा चढ तेव्हा कधीकधी अजून यायचा असतो. म्हणून 'मला पराठा चालतो' असं फक्त दोन तासांच्या आकड्यावरून ठरवू नका. एकदा तरी साडेतीन तासांनी बोट टोचा. दुपारच्या जेवणाआधीची शुगर कारण नसताना जास्त येत असेल, तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

डोसा म्हणजे तेच इडलीचं पीठ. घरच्या मध्यम डोशाला दीड-पावणेदोन इडलीचं पीठ लागतं, तव्यावरच्या तेलाने चढ जरा मंदावतो, एवढाच फरक. घरचा एक डोसा, सांबार आणि चटणी ठीक आहे. हॉटेलचा मसाला डोसा वेगळी गोष्ट: पीठ जवळपास दुप्पट आणि आत बटाट्याची भाजी. कुरकुरीत आणि पातळ दिसतो म्हणून माणूस फसतो.

उपम्याला शेवटी का टाकलं ते सांगते. रव्यात प्रथिनं थोडीच, आणि आपल्याकडे उपम्यासोबत डाळ नसते. त्यातून मापाचा घोळ. 'एक वाटी उपमा' असं चार्टवर लिहिलं की घरी एक वाटी कोरडा रवा घेतला जातो. मध्यम वाटीत सुमारे १०० ग्रॅम रवा बसतो, त्यात ७० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, आणि शिजून फुगल्यावर दोन भरल्या बशा होतात. घरात दोघंच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ ग्रॅम आणि जोडीला जेमतेम ५-६ ग्रॅम प्रथिनं. करायचाच असेल तर माणशी ३० ग्रॅम जाड रवा किंवा गव्हाचा दलिया वजन करून घ्या, तेवढ्याच आकारमानाचे मटार, फरसबी आणि गाजर घाला, मूठभर शेंगदाणे घाला आणि बाजूला एक अंडं किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ ठेवा. साखर भुरभुरायची सवय असेल तर ती बंद.

अंड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि एक ग्रॅमहून कमी कर्बोदकं. अंडं एकटं शुगर जवळजवळ हलवतच नाही. ऑम्लेट-पावातला पाव हलवतो. एका लादी पावात १८-२० ग्रॅम, म्हणजे दोन पाव खाल्ले की तुम्ही तीन-साडेतीन इडल्यांवर आलात. ऑम्लेटला कांदा, टोमॅटो, पालक घाला आणि सोबत अर्धी पोळी घ्या.

अंडी खात नसाल तर मुगाचं धिरडं करा. माणशी ४० ग्रॅम हिरवे मूग रात्रभर भिजवून आलं-मिरचीसोबत वाटले की दोन पातळ धिरडी होतात: सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं आणि ९ ग्रॅम प्रथिनं. इडलीच सुधारायची असेल तर प्रमाण बदला. तीन-चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद घेण्याऐवजी एक वाटी इडली तांदूळ, एक वाटी उडीद आणि अर्धी वाटी मूगडाळ. इडल्या थोड्या चपट्या आणि किंचित चिकट होतील, तेवढं सोसायचं. तांदळाऐवजी नाचणीचं पीठ वापरून फार फरक पडेल असं मात्र समजू नका. बारीक दळलेल्या नाचणीतही १०० ग्रॅमला सत्तरच्या आसपास कर्बोदकं असतात.

तुमची 'सकाळची शुगर' म्हणजे उपाशीपोटीची असेल, तर नाश्ता बदलून ती लगेच उतरणार नाही. ती रात्रीचं जेवण, औषध आणि यकृत ठरवतं. नाश्त्याचा हिशेब दोन तासांच्या आकड्यात दिसतो. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या घासापासून नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा; बोटाला फळाचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. बहुतेक प्रौढांना दोन तासांनी १८० च्या आत हवी, गरोदरपणात याहून बरीच कमी, १२० च्या आत. एकाच पदार्थाची तीन वेगवेगळ्या सकाळी नोंद घ्या, कारण आदली रात्र नीट झोप झाली नाही किंवा सर्दी-ताप असला तरी आकडा वर जातो, आणि मीटरही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवतो.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उद्यापासून एकदम नुसत्या अंड्यांवर येऊ नका. या औषधांचा डोस तुमच्या आजवरच्या नाश्त्याच्या हिशेबाने बसवलेला असतो. कर्बोदकं अचानक गेली तर अकरा-साडेअकराला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा येऊ शकतो. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नाश्ता बदलण्याआधी डॉक्टरांना 'सकाळची कर्बोदकं निम्म्यावर आणतेय' किंवा 'आणतोय' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते गोळी कमी करायची का ते बघतील. फक्त मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर अंडी आणि डाळी किती घ्यायच्या हे तुमच्या किडनीच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. त्या बाबतीत माझा वरचा क्रम तुम्हाला लागू नाही.