पोस्टमध्ये विमा, पावतीवर विमा, पण पॉलिसी कुठे आहे?

प्रश्न: आमचा चिंचवडला पॅकर्स-मूव्हर्सचा व्यवसाय आहे. ‘सामानाचा १०० टक्के विमा, ओरखडा आला तरी पूर्ण भरपाई’ अशी पोस्ट आम्ही फेसबुकवर टाकतो. सोबत पॅकिंगची चेकलिस्ट आणि ग्राहकांचे अनुभवही टाकतो. एका ग्राहकाचं घर पुण्याहून नागपूरला हलवलं. भाडं २८,००० घेतलं आणि जाहीर केलेल्या ४ लाखांवर ३ टक्क्यांप्रमाणे ‘विमा’ म्हणून १२,००० घेतले. टीव्हीचं पॅनल तडकलं, शोकेसची काच फुटली. आता त्यांच्या वकिलाची १,१०,००० ची नोटीस आली आहे, सोबत आमच्या पोस्टचे स्क्रीनशॉट आहेत. खरं सांगायचं तर पॉलिसी काढलेली नाही, त्या पैशातून आम्हीच नुकसान भरतो. बिल्टीवर मागे ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं आहे. पोस्ट काढून टाकू का? पुढे काय लिहावं? आणखी एक ग्राहक पोस्टमधले तिच्या घराचे फोटो काढून टाकायला सांगते आहे. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: पोस्ट दिसेनाशी करा, पण आधी ती तारखेसह, खालच्या प्रतिक्रियांसह जपून ठेवा. नोटीस आल्यानंतर मजकूर पुसला की ग्राहक आयोगासमोर तुमची बाजू पडते. ग्राहकाकडे स्क्रीनशॉट आहेतच, त्यामुळे पुसून काही साधत नाही.

खरी अडचण १२,००० रुपयांची आहे. विमा नियामक आयआरडीएआयकडे नोंदणी असलेली कंपनीच विमा देऊ शकते, आणि विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबी प्रमाणे प्रीमियम आधी विमा कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. तुम्ही पावतीवर ‘विमा’ लिहिलंत, पैसे स्वतःकडे ठेवलेत आणि पॉलिसी काढली नाहीत. तुमच्या मनात फसवणूक नसेलही, पण कागदावर ती तशीच दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली जाते, आणि फेसबुकवरची पोस्टही जाहिरातच ठरते. अशा जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. फसवणुकीची पोलीस तक्रारही होऊ शकते. त्यामुळे ही रक्कम परत करायची की नाही, यावर घासाघीस करू नका. ती क्रेडिट नोट देऊन परत करा.

‘मालकाच्या जोखमीवर’ या ओळीवर भिस्त ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज (२०००) या निकालात सांगितलं आहे की, अशी अट असली तरी वाहतूकदार स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटत नाही. तुमच्यासारख्यांना कॅरेज बाय रोड कायदा, २००७ लागू होतो. माल गोळा करून पुढे पाठवणं त्यात येतं, मग ट्रक तुमचा असो की भाड्याचा. मालाचं नुकसान झालं की हलगर्जीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही. तो नव्हता, हे तुम्हाला दाखवावं लागतं.

याच कायद्यात वाहतूकदाराला एक सवलत आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे तुमची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते आणि ती जाहीर केलेल्या किमतीच्या पुढे जात नाही. तुमचं भाडं २८,००० म्हणजे मर्यादा २,८०,००० झाली. ग्राहक १,१०,००० मागतो आहे, म्हणजे सवलत लावली तरी तुमचा एक रुपयाही वाचत नाही. त्यातून वाहतूकदाराने ठरवलेला जादा जोखीम दर ग्राहकाने भरला असेल तर ही मर्यादाच उठते. ‘ते १२,००० म्हणजे तोच दर होता’ असं ग्राहकाचा वकील म्हणू शकतो, आणि त्यात तथ्य आहे.

नोटिशीची मुदतही पाहून घ्या. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत ग्राहकाने लेखी सूचना द्यावी लागते. ती वेळेत आली असेल तर या मुद्द्यावर वेळ घालवू नका. तक्रार जिल्हा आयोगात गेली, तर ती ग्राहक जिथे राहतो तिथेही चालते, म्हणजे नागपूरला फेऱ्या. तिथे तुमचं म्हणणं मांडायला ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही.

म्हणून मिटवा. टीव्हीच्या पॅनलची आणि काचेची दुरुस्तीची लेखी अंदाजपत्रकं मागवा. दुरुस्ती नव्या सेटच्या किमतीला भिडत असेल, तर त्या वयाच्या सेटची बाजारातली किंमत धरा. ती रक्कम, १२,००० परत आणि थोडी नुकसानभरपाई असा लेखी प्रस्ताव नोटिशीच्या उत्तरातच द्या. पैसे खात्यात पाठवा आणि ‘या बुकिंगबाबत कोणताही दावा उरलेला नाही’ अशी सही घ्या. उत्तरात ‘विमा कंपनीने नाकारलं’ असं चुकूनही लिहू नका. ते खोटं आहे आणि पहिल्याच तारखेला उघडं पडेल.

आता पुढच्या पोस्टकडे वळू. विम्याबद्दल लिहायचं, तर तुमच्याकडे दोनच प्रामाणिक वाटा आहेत. पहिली म्हणजे खरी पॉलिसी. ती ग्राहकाच्या नावाने, नोंदणीकृत कंपनी किंवा ब्रोकरकडून, माल चढवण्याआधी निघाली पाहिजे आणि प्रमाणपत्र ग्राहकाच्या हाती पडलं पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी इनलँड ट्रान्झिट क्लॉज ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी रूपं मिळतात. ‘बी’मध्ये आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर किंवा ती उलटणं अशी नावानिशी जोखीम असते. ‘सी’मध्ये तर फक्त आग आणि वीज. व्यापक आहे ते ‘ए’. तुमच्या ग्राहकाकडे ‘बी’ असतं तरी ट्रक सुखरूप नागपूरला पोहोचला आणि आत टीव्ही तडकला, एवढ्यावर पैसे मिळाले नसते. आणि ‘ए’मध्येही अपुरं पॅकिंग हा अपवाद असतो, म्हणजे तुमच्या माणसांनी कमी पुठ्ठा वापरला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वापरलेल्या घरगुती सामानासाठी ओरखडे, पोचे आणि आतले विजेचे बिघाड बहुधा वगळलेले असतात. ‘ओरखडा आला तरी भरपाई’ ही तुमची ओळ नेमकी तिथेच फसते.

आणि एक गोष्ट या धंद्यात फारशी कुणी लक्षात घेत नाही. पॉलिसी ग्राहकाच्या नावाची असली, तरी तुम्ही सुटलात असं नाही. विमा कंपनी ग्राहकाला पैसे देते, त्याचा हक्क स्वतःकडे घेते आणि तुमच्याकडून वसूल करायला येते. त्यापासून वाचायचं असेल तर वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीची वेगळी पॉलिसी तुमच्या स्वतःच्या नावाने लागते.

दुसरी वाट म्हणजे विमा हा शब्द सोडून देणं आणि जोखमीची जादा आकारणी घेणं. यात नुकसान तुम्हीच भरता, पण ते तसं उघड सांगता. पोस्ट अशी असू शकते: ‘हा विमा नाही. ३ टक्के जोखीम आकारणी घेतल्यास यादीत लिहिलेल्या वस्तूचं नुकसान आम्ही स्वतः, त्या वस्तूसमोर लिहिलेल्या किमतीपर्यंत भरून देतो. तुम्ही स्वतः भरून सीलबंद केलेली खोकी, दागिने, रोकड आणि कागदपत्रं यात नाहीत.’ पावतीवर आणि माल देताना ग्राहक भरून देतो त्या गुड्स फॉरवर्डिंग नोटवरही हेच शब्द हवेत. अपवाद पोस्टच्या तळाशी बारीक अक्षरात ढकलू नका. २०२२ च्या जाहिरात मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तळटीप मुख्य दाव्याच्याच भाषेत हवी, आणि ती त्या दाव्याला खोडून काढणारी नसावी. मराठी पोस्टखाली इंग्रजी अटी चालायच्या नाहीत.

चेकलिस्टचं मात्र तुम्हाला वाटतं तसं नाही. ती नुसती टिप्स देणारी पोस्ट नसते, ती तुमच्या कामाचं प्रमाण ठरवते. पोस्टमध्ये ‘टीव्हीसाठी लाकडी क्रेट’ लिहिलं आणि माणसांनी बबल रॅप गुंडाळून वर पुठ्ठा लावला, तर हलगर्जीपणा सिद्ध करायला दुसरा साक्षीदार लागत नाही. तुमची पोस्टच साक्ष देते. तेव्हा प्रत्येक ट्रकवर, महिनाअखेरच्या गर्दीतही, जे होतंच तेवढंच लिहा. लाकडी क्रेट जादा पैशात देत असाल तर ‘मागणीनुसार, दर वेगळा’ असं लिहा.

उलट बाजूने हीच चेकलिस्ट तुम्हाला वाचवूही शकते. तिच्यात ग्राहकाला सांगा की, सामान उचलण्याआधी टीव्ही चालू करून दाखवा. तुमचा माणूस चालू पडद्याचा आणि मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढेल. यादीत नुसतं ‘टीव्ही १’ लिहू नका. ‘५५ इंची टीव्ही, चालू, उजव्या खालच्या कोपऱ्यात जुना ओरखडा, किंमत ४५,०००’ असं लिहा. नंतर आधीचा ओरखडा कोणता आणि नवा कोणता, हा वादच उरत नाही. पोहोचल्यावर काच, टीव्ही आणि फ्रीज उघडून बघितल्याशिवाय सही करू नका, तुटफूट बिल्टीच्या प्रतीवरच लिहा, हेही त्यात घाला. तुमच्या लोडर्सना हे आवडणार नाही, कारण रात्री दहा वाजता खोकी उघडत बसावं लागतं. पण ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी घाईत घेतलेली सही आयोगापुढे फार काळ टिकत नाही.

ग्राहकांच्या अनुभवांबद्दल. त्या बाईंच्या घराचे फोटो आजच काढून टाका आणि तसं लेखी कळवा. घराचा आतला फोटो, सोसायटीचं नाव आणि घर रिकामं होण्याची तारीख एकत्र दिली, तर ती चोराच्याच कामाची माहिती होते. पुढे अनुभव छापायचा तर कोणता मजकूर, कोणते फोटो आणि कुठे, हे लिहिलेली संमती घ्या आणि ती मागे घेता येईल असं त्यात सांगा. अनुभव लिहिला म्हणून ५०० रुपये सूट दिली असेल, तर ते त्या पोस्टमध्येच स्पष्ट लिहावं लागेल. शब्द ग्राहकाचेच राहू द्या. ‘गॅसची शेगडी दुसऱ्या दिवशी आली, पण फोन करून आधी सांगितलं’ ही ओळ कापू नका. नको ती वाक्यं कापून उरलेलं छापलं, तर ते त्या ग्राहकाचं मत राहत नाही.

आणि ‘शासनमान्य’ किंवा बँक संघटनेची मान्यता सांगणारं ‘आयबीए अप्रूव्ह्ड’ ही बिरुदं तुमच्या पानावर असतील तर तीही तपासा. २००७ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र चालू असेल तर त्याचा क्रमांक द्या. नसेल तर नोटिशीचं उत्तर पाठवण्याआधी नोंदणीचा अर्ज करा, कारण नोंदणीशिवाय हा व्यवसायच करता येत नाही, आणि समोरचा वकील ते विचारल्याशिवाय राहणार नाही.