जूनअखेरचा तो खड्डा प्लॅनमध्ये कुठंच नव्हता

"माझ्या भागीदाराला फायनान्समधलं काही कळत नाही. प्लॅनमधलं प्रॉफिट अँड लॉस, बॅलन्स शीट आणि कॅश फ्लो त्याला कसं समजावू?"

कळत नसलेला भागीदार मी होतो, म्हणून लिहितोय.

बेळगावात उद्यमबागला मी आणि माझ्या दाजींनी सीएनसीचं वर्कशॉप टाकलं. मशीन मी बघायचो, हिशेब दाजी. बँकेसाठी प्लॅन त्यांनीच केला आणि माझ्यापुढं पहिलं पान ठेवलं. विक्री ६० लाख. कास्टिंग आणि टूल ३० लाख, पगार-भाडं-लाईट बिल १८ लाख, मशीनची झीज म्हणजे घसारा ३ लाख, व्याज १.५ लाख. उरला नफा ७.५ लाख. "बघ की, पहिल्याच वर्षी साडेसात लाख. कर सही." मी केली.

एप्रिलला काम सुरू झालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कास्टिंगचा टेम्पो गेटवर आला आणि ड्रायव्हर फाळका उघडेना. मागचं बिल हातात पडल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असं मालकानं त्याला सांगून पाठवलं होतं. तीन महिन्यांत आमचा एक जॉब रिजेक्ट झाला नव्हता. मला वाटलं, दाजींनी पैसे कुठंतरी फिरवले. तसं तोंडावर बोललो. पुढं दोन महिने बहिणीच्या घरची पायरी चढलो नाही.

पैसे कुणीच खाल्ले नव्हते. नफा-तोट्याच्या पानावर बिल केलं की विक्री धरतात. आमचं कोल्हापूरचं गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे द्यायचं. त्यामुळं वर्ष संपताना तीन महिन्यांची विक्री, म्हणजे १५ लाख, त्यांच्याकडंच. घसारा खर्चात लिहितात, पण ते ३ लाख खिशातून जात नाहीत. उलट कर्जाच्या मुद्दलाचे ३ लाख बँकेतून जातात आणि या पानावर दिसतच नाहीत.

आता कॅश फ्लो मांडा. नफा ७.५, त्यात घसारा ३ मिळवा, १०.५ झाले. येणं १५ वजा करा, उणे ४.५. (शिल्लक माल २.५ लाखांचा आणि कास्टिंगवाल्याचं देणंही तेवढंच, ते एकमेकांत गेलं.) मुद्दल वजा केलं की उणे ७.५. आम्ही ८ लाख घातले होते. त्यातले ५ मशीनच्या मार्जिनला, म्हणजे किमतीतल्या आमच्या वाट्याला गेले, हातात राहिले ३. म्हणजे वर्षाअखेर ४.५ लाखांची तूट, आणि ती बँकेच्या सीसीतून, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जातून भागवायची.

बॅलन्स शीट म्हणजे ३१ मार्चला काय कुठं अडकलंय ते. एका बाजूला मशीन १७, येणं १५, माल २.५. दुसऱ्या बाजूला कर्ज १२, कास्टिंगवाला २.५, सीसी ४.५ आणि आमचे १५.५. दोन्हीकडं ३४.५. आमचे १५.५ म्हणजे घातलेले ८ आणि नफ्याचे ७.५, पण ते सगळे लोखंडात आणि गिऱ्हाईकाच्या खात्यात. माझ्या डोक्यात उजेड पडला तो या ओळीवर.

दाजी आजही म्हणतात, "सगळं प्लॅनमध्ये होतं, तूच वाचलं नाहीस." नव्हतं. त्यांचा कॅश फ्लो वर्षाचा होता. महिन्यावार मांडला असता तर मेअखेर उणे ५.७५ आणि जूनअखेर उणे १० लाख दिसले असते. पगार आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून, कास्टिंगचे पैसे दुसऱ्यापासून आणि त्या पहिल्या बिलात शिल्लक मालाचे २.५ लाखही, गिऱ्हाईकाचा पहिला रुपया मात्र चौथ्या महिन्यात. त्यानंतर खड्डा महिन्याला साठ-बासष्ट हजारांनी भरत जातो आणि मार्चला ४.५ वर येतो. दाजींनी मार्चचा आकडा बघून ५ लाखांची सीसी मागितली. जूनला लागत होते दुप्पट. मधल्या ५ लाखांसाठी माझ्या बायकोच्या पाटल्या आणि बहिणीचं गंठण बँकेत गेलं. हे मी वाचलं नाही म्हणून झालं, हे मी कधीच मान्य करणार नाही.

तेव्हा तुमच्या भागीदाराला नफ्याचं पान सगळ्यात शेवटी दाखवा. आधी बारा रकान्यांचा कागद घ्या. कुठलं गिऱ्हाईक खरोखर किती दिवसांनी पैसे देतं, ते त्यालाच त्याच्या हातानं भरू दे. शॉपवर उभा राहणाऱ्याला ते हिशेबवाल्यापेक्षा जास्त माहीत असतं. सगळ्यात खोल महिना कुठला ते त्यालाच सापडू दे, आणि सीसी त्या महिन्याच्या आकड्यावर मागा.

मी सीए नाही. वरच्या आकड्यांत आयकर, सीसीचं व्याज आणि जीएसटी धरलेली नाही. जीएसटी धरली तर खड्डा आणखी खोल जातो, कारण बिलावरचा कर पुढच्याच महिन्यात भरायचा असतो, गिऱ्हाईकानं पैसे दिलेले असोत की नसोत. तुमचा धंदा रोखीचा असेल, किंवा ॲडव्हान्स घेऊन काम करत असाल, तर चित्र बरंच वेगळं निघेल.