माहिती भरपूर आहे, मुद्दा कुठे आहे?

"मॅडम, मी एफवायबीएला आहे. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे. इथे पहिल्याच असाइनमेंटवर सरांनी लाल पेनानं लिहिलं, 'माहिती भरपूर आहे, मुद्दा कुठे आहे? थेसिस स्टेटमेंट नाही. परिच्छेद बांधलेले नाहीत.' दहापैकी चार. सहा पानं लिहिली होती आणि एकही ओळ कॉपी नव्हती. आता दुसरी असाइनमेंट द्यायची आहे, तर सुरुवातच सुचत नाही. मला लिहिताच येत नाही का?"

लिहिता येतं तुला. फक्त बारावीपर्यंत तुला एका वेगळ्या वाचकासाठी लिहायची सवय लागली आहे. बोर्डाचा पेपर तपासणारा मुद्दे मोजतो, त्यामुळे 'सविस्तर उत्तर लिहा' म्हटलं की आठवेल ते सगळं उपशीर्षकं देऊन, खाली रेघा मारून लिहायचं, यात शहाणपणच होतं. तुझ्या सरांना मात्र त्या माहितीवरून तू कोणत्या निष्कर्षाला आलीस आणि तो त्यांना का पटावा, हे वाचायचं आहे.

अशाच तक्रारीनं माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला आलेली, इतिहासाची विद्यार्थिनी. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. विषय होता १९७२ चा दुष्काळ, मर्यादा दीड हजार शब्दांची. तिच्या पानांत काय नव्हतं? सलग अपुरा पडलेला पाऊस, धान्यटंचाई, परदेशातून आलेला मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, रोजगार हमी, वि. स. पागे, पार २००५ चा केंद्राचा कायदा. शेवटी 'अशा प्रकारे दुष्काळाने महाराष्ट्राला खूप काही शिकवले' आणि त्याखाली पाणी हेच जीवन. (हे शेवटचं वाक्य पर्यावरणावरच्या, शेतीवरच्या आणि सणांवरच्या असाइनमेंटमध्येही मी वाचलं आहे.)

मी विचारलं, "हे वाचून कोण म्हणेल, छे, मला नाही पटत?"

ती म्हणाली, "कुणीच नाही मॅडम. सगळं खरंच आहे ना."

गाडी अडली होती ती इथेच. तिचं पहिलं वाक्य होतं, '१९७२ च्या दुष्काळाचे महाराष्ट्रावर दूरगामी परिणाम झाले.' कुणी नाकारणार नाही असं हे वाक्य आहे. म्हणून ते सिद्धही करावं लागत नाही आणि त्याच्याखाली दुष्काळाबद्दलचं काहीही खपून जातं. थेसिस स्टेटमेंट म्हणजे तुझं मुख्य विधान. एखादा जाणकार माणूस त्याच्या विरुद्ध बाजू घेऊ शकला पाहिजे आणि तुझ्या हातातल्या पुराव्यावर, दिलेल्या शब्दमर्यादेत, तुला ते पटवून देता आलं पाहिजे. दोन्ही अटी लागतात. पहिली सुटली तर सर्वमान्य गोष्ट उरते, दुसरी सुटली तर नुसती हवा.

असं विधान विषयाकडे टक लावून बसल्यानं सुचत नाही, ते प्रश्नातून निघतं. म्हणून वाचताना काय खटकलं ते मी तिला विचारलं. ती जरा थांबून म्हणाली, "आजी त्या वेळी पाझर तलावाच्या कामावर जायची. ती म्हणते, पाऊस झाला आणि कामं बंद झाली. मग रोजगार हमी कशी काय चालू राहिली?"

हा प्रश्न तिच्या सहा पानांत कुठेच नव्हता.

त्याचं उत्तर एका वाक्यात लिही म्हटल्यावर पहिलं वाक्य आलं, 'रोजगार हमी ही गरिबांसाठी अत्यंत महत्त्वाची योजना होती.' ही झाली स्तुती. 'का टिकली' याचं उत्तर त्यात नाही. दुसऱ्या खेपेला राजकारण, मजुरांच्या संघटना, स्त्रियांचा सहभाग, कर, कायदा अशी पाच कारणं एका दमात आली. दीड हजार शब्दांत पाच कारणं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकेक परिच्छेद आणि पुरावा कशालाच नाही. तिच्याजवळ खरा कागद होता तो दोनच गोष्टींबद्दल. मग तिनं लिहिलं:

'दुष्काळी कामे पावसाबरोबर थांबली. रोजगार हमी मात्र दुष्काळानंतरही टिकली, कारण तिच्यासाठी स्वतंत्र कर बसवला गेला आणि पुढे कायद्याने काम मागणे हा हक्क ठरवला.'

याला विरोध करता येतो. कुणी म्हणेल, कर आणि कायदा ही साधनं झाली, खरं कारण खेड्यातली मतं. फार चांगलं, त्या आक्षेपाला एक परिच्छेद द्यायचा. आणखी एक बघ, परिच्छेदांचा क्रम या वाक्यातच आहे: आधी पावसाबरोबर थांबलेली कामं, मग कर, मग कायदा, मग आक्षेप. सुकडी, मिलो, पावसाची आकडेवारी यांतलं जे या चारांपैकी कशालाच लागत नाही ते गाळायचं. इथे तिचा चेहरा पडला. मेहनतीनं गोळा केलेलं टाकायला जिवावर येतं, त्यावर माझ्याकडे औषध नाही. वेगळ्या कागदावर उतरवून ठेव, एवढंच सांगते.

आता परिच्छेद. करावरचा तिचा मूळ परिच्छेद असा होता:

'रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावण्यात आला. हा कर १९७५ मध्ये आला. वि. स. पागे हे या योजनेचे जनक मानले जातात. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये कायदा झाला. दुष्काळात लोकांना मिलो खावा लागला.'

"मिलो इथे काय करतोय?" मी विचारलं. "तो कुठेच बसत नव्हता," ती हसून म्हणाली.

प्रत्येक वाक्य खरं आहे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वाक्यांचा क्रम उलटापालटा करून बघ, काही बिघडत नाही. परिच्छेद बांधलेला नसल्याची ही सोपी खूण आहे, कारण बांधलेल्या परिच्छेदात एक वाक्य हलवलं की पुढचं अडखळतं. दोनतीनदा खोडून तिनं केलेलं रूप हे:

'रोजगार हमी टिकण्याचे पहिले कारण म्हणजे पैशाची वेगळी सोय. दुष्काळी कामांवरचा खर्च संकटापुरता होता. संकट सरले की तो थांबवता येत होता. १९७५ च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला व त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी ठेवले गेले. म्हणजे शहरातल्या पगारातून कापलेला पैसा, पाऊस चांगला झाला त्या वर्षीही, खेड्यातल्या मजुरीसाठी येत राहिला. मात्र पैसा असूनही काम देण्याचे बंधन सरकारवर नव्हते; ते पुढच्या कायद्याने घातले.'

पहिलं वाक्य या परिच्छेदाचा मुद्दा सांगतं आणि 'टिकण्याचे कारण' या शब्दांनी मुख्य विधानाला धरून ठेवतं. दुसरं आणि तिसरं आधीची स्थिती दाखवतात, चौथा पुरावा. पाचवं, 'म्हणजे'पासूनचं, नीट बघ. पहिल्या वर्षाची मुलं सर्वांत जास्त गाळतात ते हेच. १९७५ साली कर आला, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. त्या करामुळे योजना पावसावर अवलंबून राहिली नाही, हे तुलाच लिहावं लागतं. मुलांना वाटतं, आकडा दिला की वाचक समजून घेईल. तुझे सर कदाचित समजून घेतीलही, पण त्यांना बघायचं असतं ते तू समजलीस का हे. पुरावा देऊन पुढे निघालीस की थांब, 'म्हणजे' लिही आणि ते वाक्य पुरं कर. पुरं करता आलं नाही तर तो पुरावा त्या परिच्छेदाचा नव्हे.

शेवटच्या वाक्यानं कायद्याच्या परिच्छेदाचं दार उघडलं. कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, अशी तरतूद त्यात होती. तिथेही तिला 'म्हणजे' लागलंच: काम न देण्याचीही आता सरकारला किंमत मोजावी लागणार होती.

आजीची आठवण तिनं सुरुवातीला घातली होती, मन हेलावणारी म्हणून. ती आम्ही 'कामे पावसाबरोबर थांबली' या परिच्छेदात आणली, कारण आजी नेमकं तेच सांगत होती. पण एका गावातल्या एका बाईच्या आठवणीवरून 'राज्यभर कामं बंद झाली' असं म्हणता येत नाही. तिनं लिहिलं, 'आमच्या गावात असे घडल्याचे माझी आजी सांगते', आणि राज्याच्या चित्रासाठी ग्रंथालयातल्या अहवालाचा आधार जोडला. आठवणीचा आवाका तेवढाच ठेवला की ती भक्कम पुरावा होते, ताणली की सर तिथेच प्रश्नचिन्ह काढतात आणि बरोबर काढतात.

मसुदा झाल्यावर तपासायची पद्धत अशी. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीनं एकच वाक्य लिही: हा परिच्छेद काय पटवतो? 'कराबद्दल माहिती' हे उत्तर धरायचं नाही, क्रियापद असलेलं पुरं वाक्य हवं. दोन वाक्यं लागली तर परिच्छेद तोडायचा, एकही सुचलं नाही तर काढायचा. मग नुसता समास वरून खाली वाच आणि दोन वाक्यांमध्ये 'म्हणून', 'कारण', 'पण' यांतलं काय बसतं ते बघ. सगळीकडे 'शिवाय'च बसत असेल, तर मुख्य विधान वर असूनही खाली अजून यादीच आहे. त्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात सगळीकडे 'शिवाय'च होतं. नव्या मसुद्यात कर आणि कायदा यांच्यामध्ये 'पण' आलं.

आणि तुझ्या सुरुवातीचं. प्रस्तावना आत्ता लिहायला बसूच नकोस. मुख्य विधान कच्चंच एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेव आणि मधल्या परिच्छेदांपासून सुरू कर. लिहिता लिहिता विधान बदलतं. त्या मुलीच्या वाक्यात आधी एकटा करच होता, कायद्यावरचं वाचन झाल्यावर दुसरा भाग आला. मधलं पक्कं झालं की प्रस्तावनेत प्रश्न मांडायचा, तो का पडला हे दोनतीन वाक्यांत सांगायचं आणि शेवटी विधान लिहायचं. सुविचार, कवितेची ओळ, 'अनन्यसाधारण महत्त्व' यांतलं काही लागत नाही.

सरांकडे जाशील तेव्हा सहा पानं नेऊ नकोस. वर्ग सुटल्यावर दोन मिनिटांत ती वाचून होत नाहीत आणि मग 'ठीक आहे, सुधारा' एवढंच हाती लागतं. एका कागदावर तुझा प्रश्न, मुख्य विधान आणि परिच्छेदांची समासातली वाक्यं एवढंच ने आणि विचार, "सर, हे विधान एवढ्या पुराव्यावर उभं राहतं का?" सर म्हणतील, फार मोठं झालं, किंवा हा भाग सिद्ध कसा करणार? ते तिथल्या तिथे टिपून घे आणि लिहायला बस.