'स्टँडवर' म्हटलं की 'ऑन' येतंच का?

"आर्वीकडच्या खेड्यातला आहे, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून राहिलो. इंग्रजी वाक्य बनवता येते, पण इन, ऑन, अ‍ॅट आलं की गाडी अडते. नियम पाठ आहेत, तरी बोलताना चुकतेच. काय करावं?"

बोलताना नियम आठवायला सवड नसते, तेव्हा डोक्यातला मराठी प्रत्यय थेट इंग्रजीत उतरतो. 'वर' दिसला की ऑन, 'त' किंवा 'मध्ये' दिसला की इन. टेबलावर आणि खिशात इथपर्यंत हे बरोबर येतं, म्हणून तर सवय पक्की होते.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'वर'. आपल्याकडे तो दोन कामं करतो. 'ग्लास टेबलावर आहे' यात खरोखर एक वस्तू दुसरीवर टेकलेली आहे. पण 'मी स्टँडवर आहे', 'फाट्यावर उतर', 'बाया विहिरीवर गेल्या' यात कोणी कशावर चढलेलं नाही. हा 'वर' फक्त ठिकाण सांगतो. ठिकाण सांगणारा 'वर' इंग्रजीत अ‍ॅट होतो: अ‍ॅट द बसस्टँड, अ‍ॅट द वेल. तुम्ही 'ऑन द वेल' म्हणालात तर ऐकणाऱ्याला बाया विहिरीच्या कठड्यावर उभ्या दिसतात.

ओळखायचं कसं? 'वर' काढून तिथं 'पाशी' घालून पाहा. 'फाट्यापाशी उतर' म्हटलं तरी काम भागतं, म्हणजे अ‍ॅट. 'ग्लास टेबलापाशी आहे' म्हटलं की ग्लास खाली गेला, अर्थ बदलला, म्हणजे ऑन. भिंतीवरचं कॅलेंडर आणि छतावर वाळत घातलेली मिरची याच कसोटीनं ऑनमध्ये जातात. 'कामावर आहे' इथं मात्र ही युक्ती चालत नाही. 'अ‍ॅट वर्क' तेवढं लक्षात ठेवा.

'त'चंही थोडं असंच आहे. वावरात पऱ्हाटीच्या तासात उभे असाल तर 'इन द फील्ड' अगदी बरोबर. पण 'चौकात भेट' मध्ये चौक ही भेटीची खूण आहे, म्हणून अ‍ॅट. एसटीत बसलेला माणूस 'ऑन द बस' असतो आणि ऑटोतला 'इन अ‍ॅन ऑटो'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला बहुधा ऑन लागतं. 'इन द बस' म्हटल्यानं मुलाखतीत कोणी मार्क कापेल असं मला वाटत नाही. 'ऑन द ऑटो' मात्र टपावर बसल्यासारखं वाटतं.

आता वेळ. 'सोमवारी', 'सकाळी', 'रात्री' या तिघांना मराठीत एकच 'ई' पुरते. इंग्रजीत तिन्ही वेगळे: ऑन मंडे, इन द मॉर्निंग, अ‍ॅट नाइट. एक वाक्य घ्या: 'सोमवारी सकाळी दहा वाजता आर्वीच्या स्टँडवर भेटतो.' नेहमी ऐकू येतं ते असं: 'आय विल मीट यू इन मंडे मॉर्निंग अ‍ॅट टेन ऑन आर्वी बसस्टँड.' यात दोन चुका आहेत. स्टँडची वर पाहिली. दुसरी अशी की सकाळ एकटी असेल तरच इन. तिला वार किंवा तारीख चिकटली की ती दिवसाच्या मागं जाते आणि ऑन लागतं. म्हणून 'आय विल मीट यू अ‍ॅट आर्वी बसस्टँड अ‍ॅट टेन ऑन मंडे मॉर्निंग.' रात्रीलाही तेच, 'ऑन मंडे नाइट'. आणि 'पुढच्या सोमवारी' म्हणायचं असेल तर काहीच लावायचं नाही, नुसतं 'नेक्स्ट मंडे'. 'ऑन नेक्स्ट मंडे' ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे.

मुलाखतीनंतर खरं नुकसान करू शकेल अशी एक चूक वेगळीच आहे. साहेबांनी कागद मागितले आणि तुम्हाला म्हणायचंय, 'दोन दिवसांत देतो', म्हणजे जास्तीत जास्त दोन दिवस, उद्याही देईन. तुम्ही म्हणता, 'आय विल सबमिट देम इन टू डेज.' समोरचा समजतो 'दोन दिवसांनी', आणि उद्या वाटच पाहत नाही. तुमच्या 'दोन दिवसांत'ला शब्द आहे विदिन: 'विदिन टू डेज'. 'शुक्रवारपर्यंत देतो' म्हणताना टिल वापरू नका, 'बाय फ्रायडे' म्हणा. टिल म्हणजे ते काम शुक्रवार उजाडेतो सतत चालू राहणार. 'ऑफिस शुक्रवारपर्यंत बंद आहे' याला टिल शोभतं, कागद देण्याला नाही.